हिपॅटायटिस सी: पहिल्या चाचणीपासून सिरॉसिसच्या पाठपुराव्यापर्यंत कोणत्या टप्प्यावर काय करावे

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या रुग्णांच्या फाइली पाहिल्या की तीन चुका पुन्हा पुन्हा आढळतात. पहिली म्हणजे अँटीबॉडीची चाचणी पॉझिटिव्ह आली की तेवढ्यावरच रुग्णाला आयुष्यभराचा आजारी ठरवले जाते, किंवा तो रिपोर्ट कपाटात ठेवून दिला जातो. दुसरी म्हणजे गोळ्या संपल्या त्याच आठवड्यात विषाणूची चाचणी करून ‘बरे झाले’ असे सांगितले जाते. तिसरी चूक सर्वांत महागात पडते: ज्याला उपचारापूर्वीच सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून यकृत कठीण होण्याचा आजार, झालेला होता, तो रुग्ण विषाणू गेल्यावर सोनोग्राफीला येणे बंद करतो आणि दोन-तीन वर्षांनी यकृताच्या मोठ्या गाठीसह परत येतो.

या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. या आजारात प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, आणि एका चाचणीचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की घोटाळा होतो. म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने पार पाडावेत. हा लेख प्रौढ रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि त्यांना मार्ग दाखवणारे आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी आहे. औषधाचा अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाल्यापासून या आजाराचे निदान आणि औषधे कार्यक्रमातील सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात, आणि येथे सांगितलेला मार्ग मुख्यतः त्याच व्यवस्थेला धरून आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ. त्यातील व्यक्ती आणि आकडे रचलेले आहेत, पण असे रुग्ण नेहमी भेटतात. एका ५८ वर्षांच्या शेतकरी गृहस्थांचा १९९४ मध्ये अपघात झाला होता आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते. त्यांना मधुमेह आहे, त्यासाठी ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात आणि रोज सकाळी ‘गॅसची गोळी’ म्हणून पँटोप्राझोल घेतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत त्यांची हिपॅटायटिस सीची कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्यांना कसलाही त्रास नव्हता.

## टप्पा १: चाचणी कोणाची करावी

हा आजार वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहतो, त्यामुळे कावीळ दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. विचारायचे ते इतकेच की आपल्या रक्ताचा दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध कधी आला होता का. २००२ पूर्वी रक्त किंवा रक्तघटक घेतलेले लोक, थॅलेसेमिया व हिमोफिलियाचे रुग्ण, डायलिसिसवरील रुग्ण, सुईने नशा केलेले किंवा करणारे लोक, एचआयव्हीबाधित व्यक्ती, एकच सुई अनेकांना वापरणाऱ्या ठिकाणी इंजेक्शने वा सलाइन घेतलेले लोक, तसेच जत्रेत किंवा फिरत्या कारागिराकडून गोंदवून घेतलेले लोक यांनी एकदा चाचणी करून घ्यावी. बाधित आईच्या मुलांचीही करावी. मात्र अँटीबॉडीची चाचणी मूल १८ महिन्यांचे झाल्यावरच करावी, कारण त्याआधी आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असतात.

घरात कोणी बाधित निघाले की बहुतेक कुटुंबे प्रथम ताट-वाटी वेगळी करतात. त्याची गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने हा विषाणू पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नखे कापण्याचे साधन आणि मधुमेहींच्या घरी साखर तपासण्याची सुई. ही शेवटची वस्तू सगळ्यांच्या ध्यानातून सुटते.

पहिली चाचणी अँटी-एचसीव्ही, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीची. ती बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर कार्ड टेस्टने होते किंवा प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने होते.

इशारा: संसर्ग अगदी ताजा असेल तर अँटीबॉडी तयार होण्यास साधारण दोन-तीन महिने लागतात. डायलिसिसवरील किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या रुग्णात ती तयार न होण्याचीही शक्यता असते. अशांत शंका दाट असेल तर निगेटिव्ह कार्डावर न थांबता थेट विषाणूची चाचणी करावी.

## टप्पा २: विषाणू आज रक्तात आहे का, हे ठरवणे

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की हा विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता. बाधित झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांत तो पहिल्या काही महिन्यांत, कोणत्याही औषधाविना, निघून जातो. तरीही अँटीबॉडी राहतात, आणि बहुधा आयुष्यभर राहतात. म्हणून पॉझिटिव्ह कार्डनंतरची अनिवार्य पायरी एचसीव्ही आरएनए ही चाचणी आहे, जिला बोलताना लोक ‘व्हायरल लोड’ म्हणतात. ती झाल्याशिवाय कोणतेही औषध सुरू करू नये आणि कोणालाही ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असे निश्चितपणे सांगू नये.

शक्य असेल तेथे दोन्ही चाचण्यांचे रक्त एकाच भेटीत घेऊन ठेवावे. ‘कार्ड पॉझिटिव्ह आले, आता पुढच्या सोमवारी या’ असे सांगितले की गावाहून आलेले अनेक जण परतत नाहीत, आणि माझ्या मते या संपूर्ण साखळीतील सर्वाधिक रुग्ण याच दोन चाचण्यांच्या मध्ये हरवतात.

रिपोर्टमध्ये आकडा प्रति मिलिलिटर आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये येतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांचा आकडा ८ लाख ४० हजार आला. तो ऐकून घरचे हबकले, तर वीस हजार आकडा आलेला दुसरा एखादा रुग्ण निर्धास्त होतो. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. हा आकडा यकृताची किती हानी झाली हे सांगत नाही. लाखांत आकडा असून यकृत चांगले असू शकते आणि काही हजारांवर आकडा असून सिरॉसिस असू शकतो. उपचार सुरू करण्यासाठी विषाणू ‘आहे’ एवढे कळणे पुरेसे असते.

पडताळणी: रिपोर्टवर ‘आरएनए’ हा शब्द आहे का ते पाहावे. अनेक जण दुसऱ्यांदा केलेली अँटीबॉडीचीच एलायझा चाचणी ‘कन्फर्म झाली’ म्हणून घेऊन येतात. आरएनए आढळला नाही, तर संसर्ग सध्या नाही. मात्र संसर्ग नुकताच झाल्याची शंका असल्यास तीन ते सहा महिन्यांनी चाचणी एकदा पुन्हा करावी.

## टप्पा ३: सिरॉसिस आहे का, हे औषधाआधी ठरवणे

हा टप्पा घाईत उरकला जातो, आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते. सिरॉसिस आहे की नाही यावर औषधांची जोडी ठरते, आणि विषाणू गेल्यानंतर रुग्णाला सोडायचे की आयुष्यभर बोलवायचे हेही येथेच ठरते. उपचारानंतर हे ठरवू म्हटले तर ते तितकेसे जमत नाही. त्याचे कारण पुढे आकड्यांतून दिसेल.

त्यासाठी सीबीसी, म्हणजे प्लेटलेटसह रक्तगणना, एलएफटी म्हणजे यकृताच्या चाचण्या, रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्या तपासण्या लागतात. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनची सोय असल्यास उत्तम. त्यात साधारण १२.५ किलोपास्कलच्या वरचा आकडा सिरॉसिसकडे निर्देश करतो. सोय नसेल तर त्यासाठी उपचार अडवून ठेवू नये. साध्या रक्ततपासणीवरून एपीआरआय आणि फिब-४ हे दोन निर्देशांक काढता येतात:

```
APRI  = (AST ÷ AST ची वरची मर्यादा) ÷ platelets × 100
FIB-4 = (वय × AST) ÷ (platelets × √ALT)
```

येथे AST आणि ALT म्हणजे एलएफटीच्या रिपोर्टमधील एएसटी आणि एएलटी हे यकृताच्या एन्झाइमचे आकडे. प्लेटलेटचा आकडा हजारांत घ्यायचा, म्हणजे ९८,००० असेल तर सूत्रात ९८ लिहायचे. आपल्याकडे रिपोर्टमध्ये तोच आकडा ‘०.९८ लाख’ असाही छापतात आणि ०.९८ तसाच सूत्रात घातला की उत्तर शंभरपट चुकते. एपीआरआय २ च्या वर किंवा फिब-४ ३.२५ च्या वर गेला तर सिरॉसिस असण्याची दाट शक्यता धरून चालावे.

आपल्या गृहस्थांचे आकडे घेऊ. वय ५८, एएसटी ९२ आणि त्याची वरची मर्यादा ४०, एएलटी ८१, प्लेटलेट ९८ हजार. एपीआरआय काढताना ९२ ला ४० ने भागले की २.३ येतात, त्यांना ९८ ने भागून १०० ने गुणले की सुमारे २.३५. फिब-४ साठी ५८ गुणिले ९२ म्हणजे ५,३३६; खाली ९८ गुणिले ८१ चे वर्गमूळ ९, म्हणजे ८८२; उत्तर सुमारे ६.०५. दोन्ही निर्देशांक मर्यादेच्या वर आहेत. सोनोग्राफीतही यकृताची कडा खडबडीत आणि प्लीहा वाढलेली दिसली. त्यांना सिरॉसिस आहे, हे केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे.

आता पुढचा प्रश्न म्हणजे हा सिरॉसिस सांभाळला गेलेला आहे की बिघडलेला. त्यासाठी चाइल्ड-प्यू गुण मोजतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण असतात. आपल्या गृहस्थांचे बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.४ आणि आयएनआर १.३ आहे, पोटात पाणी नाही, भ्रम किंवा अवेळी गुंगी नाही. अल्ब्युमिनला २ गुण आणि बाकी चौघांना प्रत्येकी १, असे एकूण ६ होतात. ५ आणि ६ गुण म्हणजे ‘ए’ गट, अर्थात सांभाळला गेलेला सिरॉसिस. ७ किंवा अधिक गुण असलेल्या, किंवा पूर्वी कधीही पोटात पाणी झालेल्या, रक्ताची उलटी झालेल्या वा बेशुद्धीकडे गेलेल्या रुग्णाला जिल्ह्याच्या पातळीवर औषध सुरू न करता मोठ्या आदर्श उपचार केंद्राकडे पाठवावे.

इशारा: सोनोग्राफीत गाठ दिसली तर गोळ्या थांबवून आधी त्या गाठीचा छडा लावावा. यकृताचा कर्करोग आधीपासून असलेल्या रुग्णाला गोळ्या देत राहिल्याने कर्करोगाच्या उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात.

## टप्पा ४: गोळी सुरू करण्यापूर्वीची तयारी

हिपॅटायटिस बीची चाचणी. एचबीएसएजी ही चाचणी झाल्याशिवाय पहिली गोळी देऊ नये. दोन्ही विषाणू एकाच शरीरात असतील तर सी बहुधा बीला दाबून ठेवतो. सी नाहीसा झाला की बी उसळू शकतो आणि त्यातून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाल्यास बीसाठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सोबत सुरू करावे लागते आणि सीच्या गोळ्या संपल्यानंतर किमान १२ आठवडे चालू ठेवावे लागते. सिरॉसिस असेल तर ते बीच्या स्वतंत्र निकषांनुसार पुढेही चालूच राहते. एचआयव्हीची चाचणीही याच वेळी करावी.

चालू औषधांची तपासणी. रुग्णाला ‘काही औषधे चालू आहेत का’ असे विचारले की तो ‘नाही’ म्हणतो, कारण गॅसची गोळी, काढा, झटक्यांची वर्षानुवर्षांची गोळी यांना तो औषध समजत नाही. म्हणून घरातील सगळ्या औषधांची पिशवीच आणायला सांगावी आणि प्रत्येक पट्टी स्वतः वाचावी. त्यात विशेषतः पुढील गोष्टी शोधाव्यात.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि झटक्यांवरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही औषधे हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण इतके घटवतात की उपचार वाया जातो. क्षयरोग असेल तर सहसा त्याचा उपचार आधी पूर्ण करतात. झटक्यांची गोळी मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने बदलून मगच सुरुवात करतात. ती रुग्णाने आपल्या मनाने कधीही बंद करू नये. हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन हिपॅटायटिस सीवरील सोफोसबुव्हिर या औषधासोबत घेतल्यास ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात. ते बंद केल्यानंतरही दीर्घकाळ शरीरात राहते, त्यामुळे काही महिन्यांपूर्वीपर्यंत घेत असल्यास तेही सांगावे.

गॅसच्या गोळीचा प्रश्न सर्वांत नेहमीचा आहे. हिपॅटायटिस सीवरील व्हेलपाटासव्हिर हे औषध शोषले जाण्यासाठी जठरात आम्ल लागते, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे ते आम्लच कमी करतात. शक्य असल्यास ती १२ आठवडे बंद ठेवावीत. अगदी गरज असेल तर ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम एवढ्याच ताकदीची गोळी घ्यावी, आणि व्हेलपाटासव्हिरची गोळी तिच्या चार तास आधी, जेवणासोबत घ्यावी. पातळ अँटासिड आणि ही गोळी यांतही चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्या गृहस्थांना पँटोप्राझोल दोन वर्षांपूर्वी कोणत्यातरी दुखण्यावर पंधरा दिवसांसाठी लिहिले होते आणि तेव्हापासून ते सवयीने चालूच होते. ते बंद करण्यात आले.

काविळीची झाडपाल्याची औषधे. ही पूर्ण बंद करावीत. यकृत आधीच कमजोर असताना त्यातील घटक न कळता ती घेणे धोक्याचे आहे, आणि मध्येच यकृताचे आकडे वाढले तर ते कशामुळे वाढले हे कोणालाही सांगता येत नाही.

गर्भधारणा आणि साखर. गर्भवती स्त्रीत उपचार साधारणपणे प्रसूतीनंतर सुरू करतात, म्हणून शंका असेल तेथे चाचणी आधी करावी. मधुमेहींमध्ये विषाणू कमी होऊ लागला की साखरही उतरू शकते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर वरचेवर पाहावी. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आयएनआर अधिक वेळा तपासावा.

## टप्पा ५: औषधांची निवड

एवढी तयारी झाली की निवड सरळ असते. सिरॉसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम रोज एकदा, १२ आठवडे. सांभाळला गेलेला सिरॉसिस असेल तर सोफोसबुव्हिर ४०० आणि व्हेलपाटासव्हिर १०० यांची एकत्रित गोळी रोज एक, १२ आठवडे. बिघडलेल्या सिरॉसिसमध्ये तीच एकत्रित गोळी आणि तिच्या जोडीला रिबाव्हिरिन, १२ आठवडे. रिबाव्हिरिन सहन होत नसेल तर केवळ एकत्रित गोळी २४ आठवडे. ज्यांचा उपचार पूर्वी फसला आहे, त्यांचा निर्णय मोठ्या केंद्रातच व्हावा.

पूर्वी प्रत्येकाचा जिनोटाइप, म्हणजे विषाणूचा उपप्रकार, तपासला जाई. भारतात जिनोटाइप ३ सर्वाधिक आढळतो. वरील दोन्ही जोड्या सर्व उपप्रकारांवर चालतात, त्यामुळे पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याने जिनोटाइपच्या रिपोर्टसाठी थांबण्याची आणि त्यावर खर्च करण्याची आता सहसा गरज नसते.

इशारा: रिबाव्हिरिनने रक्तातील हिमोग्लोबिन झपाट्याने उतरू शकते, म्हणून ते दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात आणि पुढेही नियमित तपासावे. हे औषध गर्भाला अपाय करते. पती घेत असो वा पत्नी, उपचारकाळात आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके महिने गर्भधारणा कटाक्षाने टाळावी. दुसरे असे की, नावाच्या शेवटी ‘प्रेव्हिर’ येणारी औषधे बिघडलेल्या सिरॉसिसमध्ये देत नाहीत. बाहेरून आणलेल्या चिठ्ठीवर ती दिसल्यास आधी विचारावे.

## टप्पा ६: चौऱ्याऐंशी दिवस

बाटलीत २८ गोळ्या असतात. अशा तीन बाटल्या म्हणजे ८४ दिवस. पहिल्या गोळीची तारीख केसपेपरवर आणि घरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे लिहावी, कारण पुढची सगळी गणिते तिच्यापासून सुरू होतात. गोळी ठरावीक वेळी घ्यावी. नवी बाटली जुनीत किमान आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच आणावी. ऊसतोडीला, वारीला किंवा मुलाकडे पुण्या-मुंबईला जायचे असेल तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. केंद्रे अशी सोय करू शकतात, पण ती आपणहून मागावी लागते.

एखादी गोळी विसरली आणि १८ तासांच्या आत आठवले, तर लगेच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. १८ तास उलटून गेले असतील तर ती सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. सोफोसबुव्हिर-व्हेलपाटासव्हिरची गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक गोळी घ्यावी आणि केंद्राला कळवावे, म्हणजे शेवटी एक गोळी कमी पडणार नाही.

डोके दुखणे आणि थकवा या दोन तक्रारी अधूनमधून येतात. त्यांसाठी गोळ्या थांबवण्याची वेळ क्वचितच येते. दुखण्यासाठी सिरॉसिसच्या रुग्णाने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड घेऊ नये. पॅरासिटामॉल दिवसाला एकूण दोन ग्रॅमपर्यंत चालते. दारू पूर्ण बंद. ‘कावीळ आहे’ म्हणून नुसता ऊस, चुरमुरे आणि उकडलेल्या भाज्या यांवर राहण्याची पद्धत मात्र सोडावी. सिरॉसिसमध्ये स्नायू झिजतात, आणि त्या रुग्णाला डाळ, दूध, अंडी, दही यांतून प्रथिने नेहमीपेक्षा अधिक लागतात.

पडताळणी: चौथ्या आठवड्यात सिरॉसिसच्या रुग्णाची एकदा रक्ततपासणी करावी. डोळे पिवळे होणे, पोट फुगत जाणे, पायांवर सूज किंवा दिवसा झोप व रात्री जागरण असा उलटा क्रम दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

## टप्पा ७: विषाणू गेल्याची खात्री, योग्य तारखेला

गोळ्या चालू असताना विषाणू काही आठवड्यांतच रक्तातून दिसेनासा होतो. त्यामुळे शेवटच्या गोळीच्या दिवशी केलेला आरएनए जवळपास सर्वांचा निगेटिव्ह येतो, आणि त्यावरून बरे झाल्याचे सिद्ध होत नाही. औषधाचा दाब उठल्यावर उरलेला विषाणू डोके वर काढतो की नाही हे पाहायचे असते. म्हणून खरी चाचणी शेवटच्या गोळीनंतर १२ आठवडे पूर्ण झाल्यावर होते. वैद्यकीय भाषेत तिला एसव्हीआर-१२ म्हणतात.

मोजणीत चूक हमखास होते, म्हणून तारखा लिहून पाहू. आपल्या गृहस्थांनी पहिली गोळी १ जानेवारी २०२५ रोजी घेतली. चौऱ्याऐंशीवी गोळी २५ मार्चला आली. तेथून पुढे ८४ दिवस मोजले की १७ जून येतो. एसव्हीआरचे रक्त १७ जूनला किंवा त्यानंतर घ्यायचे, आधी नाही. बारा आठवडे पहिल्या गोळीपासून मोजले तर ती तारीख मार्चच्याच अखेरीस पडते, आणि बहुतेक चुकलेले रिपोर्ट असेच तयार होतात. मध्ये गोळ्या चुकून उपचार लांबला असेल तर मोजणी प्रत्यक्ष शेवटच्या गोळीच्या दिवसापासून करावी. तारीख उलटून गेली असली तरी हरकत नाही. सहा महिन्यांनी केलेली चाचणीही तितकीच ग्राह्य आहे.

या टप्प्यावर अँटी-एचसीव्ही पुन्हा करू नये. ती पॉझिटिव्हच येणार, आणि रुग्ण विनाकारण खचणार. नोकरी, शस्त्रक्रिया किंवा परदेशी जाण्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत ही अँटीबॉडी पुढेही आढळत राहील. म्हणून एसव्हीआरचा आरएनए रिपोर्ट आणि उपचार पूर्ण केल्याची नोंद कायम जपून ठेवावी व तेथे दाखवावी. रक्तदान मात्र यापुढे करता येत नाही.

रिपोर्टवर ‘आढळला नाही’ असे स्पष्ट असेल तर विषाणू गेला. कधी ‘आढळला, पण मोजण्याच्या मर्यादेखाली’ असा शेरा येतो. तेव्हा निष्कर्ष न काढता काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. आकडा स्पष्टपणे आला असेल तर उपचार फसला किंवा संसर्ग नव्याने झाला, आणि फेरउपचारासाठी मोठ्या केंद्राकडे जावे. त्याच गोळ्यांची आणखी एक बाटली घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

या आजारावर लस नाही आणि एकदा बरे झाल्याने संरक्षणही मिळत नाही. सुईने नशा करणारे किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची आरएनए चाचणी दरवर्षी करावी. सिरॉसिस नसलेल्या आणि असा धोका नसलेल्या रुग्णाचा पाठपुरावा येथे संपतो.

## टप्पा ८: सिरॉसिस असलेल्यांचा पुढचा पाठपुरावा

आपल्या गृहस्थांचा जूनमधील आरएनए निगेटिव्ह आला. त्याच दिवशीचे बाकीचे आकडे पाहू: एएसटी ३६, एएलटी २५, प्लेटलेट १ लाख १२ हजार. एपीआरआय आता सुमारे ०.८० झाला, म्हणजे २ च्या बराच खाली. फिब-४ सुमारे ३.७३ वर आला. हे आकडे प्रथमच पाहणारा डॉक्टर एपीआरआयवरून सिरॉसिस नाही असे म्हणू शकेल. पण सहा महिन्यांत व्रण पडलेले यकृत सपाट झालेले नाही. विषाणूमुळे होणारी सूज ओसरली, त्यामुळे एएसटी उतरले, आणि एएसटी सूत्रात वरच्या जागी असल्याने निर्देशांक घसरला. फायब्रोस्कॅनचा आकडाही याच कारणाने खाली येतो. म्हणून उपचारापूर्वीचे निदान कायम धरावे आणि नंतरच्या सुधारलेल्या आकड्यांवरून कर्करोगाची पाहणी थांबवू नये.

विषाणू गेल्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका बराच घटतो, पण सिरॉसिस झालेल्यात तो शून्यावर येत नाही. त्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि सोय असल्यास सोबत एएफपी ही रक्तचाचणी, आयुष्यभर चालू ठेवावी. सहा महिन्यांचे हे अंतर विचारपूर्वक ठरलेले आहे: गाठ लहान असतानाच सापडली तर शस्त्रक्रियेने, सुईने जाळून किंवा प्रत्यारोपणाने ती बरी करता येते, आणि वर्षभराच्या अंतरात ती त्या मर्यादेपलीकडे वाढू शकते. नुसती एएफपी करून सोनोग्राफी टाळू नये, कारण लहान गाठीत ती अनेकदा वाढलेलीच नसते.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढेच न लिहिता ‘सिरॉसिस, यकृतात गाठ आहे का पाहणे’ असे लिहून घ्यावे आणि मागचा रिपोर्ट सोबत न्यावा. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी नवी गाठ दिसली, किंवा एएफपी २० नॅनोग्रॅमच्या वर जाऊन वाढत राहिली, तर ट्रिपल फेज सीटी स्कॅन किंवा एमआरआय त्वरित करावे. एक सेंटिमीटरहून लहान गाठ असेल तर तीन-चार महिन्यांत सोनोग्राफी पुन्हा करावी. ‘लहानच आहे, सहा महिन्यांनी पाहू’ असे म्हणू नये.

दुसरी पाहणी अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांची. फायब्रोस्कॅनचा आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर दुर्बिणीची तपासणी टाळता येते. आपल्या गृहस्थांच्या प्लेटलेट सुरुवातीलाच ९८ हजार होत्या, म्हणून त्यांची तपासणी उपचारापूर्वीच केली गेली आणि लहान शिरा आढळल्या. त्यांना कार्व्हेडिलोल कमी मात्रेत सुरू झाले. विषाणू गेल्यावर ही गोळी आपोआप बंद होत नाही. शिरांवरील दाब खरोखर उतरला आहे का हे तपासूनच डॉक्टर ती थांबवतात. रक्तदाब खूप उतरत असेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच कळवावे.

याखेरीज हिपॅटायटिस ए आणि बी यांची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यावी आणि दर सहा महिन्यांच्या भेटीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट व क्रिएटिनिन पाहावे. वजन आणि साखर आटोक्यात ठेवणे हा येथे उपचाराचाच भाग आहे. जिनोटाइप ३ च्या रुग्णांत यकृतातील चरबी सहसा अधिक आढळते, आणि विषाणू गेला तरी चरबी व दारू यकृताची झीज पुढे चालू ठेवू शकतात. काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, पोट फुगून ताप येणे किंवा माणूस असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही झाल्यास ओपीडीची वेळ न पाहता थेट तातडीच्या विभागात न्यावे.

तारखांचा हिशेब असा लावावा. आपल्या गृहस्थांची उपचारापूर्वीची सोनोग्राफी डिसेंबर २०२४ मध्ये झाली, म्हणून पुढची जून २०२५ मध्ये, म्हणजे एसव्हीआरच्या रक्तासोबतच येते. केंद्रात येण्याची ही रुग्णाच्या दृष्टीने शेवटची खेप असते, आणि येथेच तो सुटतो. म्हणून निगेटिव्ह आरएनए रिपोर्ट हातात देतानाच डिसेंबर २०२५ आणि जून २०२६ या दोन सोनोग्राफींच्या तारखा केसपेपरवर लिहून द्याव्यात आणि घरातील आणखी एका माणसाचा फोन क्रमांक नोंदवून घ्यावा.